तीन महिन्यांची साखर, पण कोणते तीन महिने?

मधुमेहाच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर यांच्या जोडीला डॉक्टर ‘एचबीए१सी’ लिहून देतात. घरोघरी तिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. हे नाव चुकीचे नाही, पण अपुरे आहे. या आकड्यात तिन्ही महिन्यांचा वाटा सारखा नसतो. हा वाटा कसा ठरतो हे कळले, तर रिपोर्ट वाचताना होणाऱ्या बऱ्याच चुका टळतात.

रक्तातल्या तांबड्या पेशी हिमोग्लोबिनने भरलेल्या असतात. ग्लुकोजला या पेशीत शिरायला इन्सुलिन लागत नाही, त्यामुळे बाहेर रक्तात जेवढी साखर, जवळजवळ तेवढीच पेशीच्या आत असते. त्यातला एखादा ग्लुकोजचा रेणू हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकाला चिकटतो. सुरुवातीचा हा जोड कच्चा असतो आणि काही तासांत सुटूही शकतो. काही जोड मात्र आपली रचना बदलून पक्के होतात, आणि मग ती पेशी मरेपर्यंत साखर तिथून हलत नाही. भट्टीत पावाचा वरचा पापुद्रा तांबूस होतो, त्या रासायनिक क्रियेची पहिली पायरी हीच. भट्टीच्या आचेवर तिला काही मिनिटे लागतात, शरीराच्या तापमानाला ती दिवसेंदिवस संथपणे चालते. साखर जास्त असेल तर जोडही जास्त होतात. एचबीए१सी ७ टक्के म्हणजे दर शंभर हिमोग्लोबिन रेणूंपैकी सुमारे सात रेणूंवर अशी पक्की साखर बसली आहे.

मधुमेहींच्या रक्तात हे वेगळे हिमोग्लोबिन जास्त असते, हे सॅम्युएल रहबर या संशोधकाला १९६८ मध्ये तेहरानमध्ये दिसले. हिमोग्लोबिनचे प्रकार तपासताना काही नमुन्यांत त्याला एक अनपेक्षित पट्टा सापडला, आणि ते नमुने मधुमेहाच्या रुग्णांचे निघाले.

आता मुद्दा काळाचा. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. रोज काही पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. त्यामुळे हातातून काढलेल्या रक्तात कालच्या पेशी असतात आणि चार महिन्यांच्या म्हाताऱ्या पेशीही असतात. कालची साखर यातल्या जवळजवळ सगळ्या पेशींना लागलेली असते. शंभर दिवसांपूर्वीची साखर मात्र शंभर दिवसांहून जुन्या पेशींनाच ठाऊक असते, आणि अशा पेशी एकूण पेशींच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढ्या असतात. म्हणूनच अलीकडच्या दिवसांचे वजन जास्त आणि मागच्या दिवसांचे कमी. सर्व पेशी नेमक्या १२० दिवस जगतात असे धरून हिशेब केला, तर शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास ४४ टक्के येतो, त्याआधीच्या महिन्याचा ३१, त्याआधीच्या महिन्याचा १९ आणि चौथ्या महिन्याचा फक्त ६.

एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थांचे एचबीए१सी १० आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने या आकड्यावरून सरासरी साखर काढायचे सूत्र दिले: आकड्याला २८.७ ने गुणायचे आणि ४६.७ वजा करायचे. म्हणजे या गृहस्थांची सरासरी साखर सुमारे २४०. समजा, औषध सुरू झाले आणि त्या दिवसापासून सरासरी १२६ वर आली. हा ६ टक्क्यांचा स्तर झाला. पण रिपोर्टमध्ये लगेच ६ येणार नाही. महिन्याने सव्वाआठ येईल, दोन महिन्यांनी सात, तीन महिन्यांनी सव्वासहा, आणि सहा यायला पूर्ण चार महिने जातील.

इथे एक धोका आहे. दोन महिन्यांनी आलेला सातचा आकडा पाहून ‘साखर अजून १५४ आहे’ असे समजून औषध वाढवले, तर आज १२६ वर असलेली साखर आणखी खाली जाऊन चक्कर, घाम, थरथर सुरू व्हायची. म्हणून औषध बदलल्यावर साधारण तीन महिन्यांनीच ही तपासणी पुन्हा करतात, आणि मधल्या काळात ग्लुकोमीटरचे आकडे पाहतात.

याच हिशेबाने आणखी एका समजुतीची परीक्षा होते. ‘ही तपासणी फसवता येत नाही,’ असे म्हणतात. त्याच गृहस्थांनी औषधाऐवजी तपासणीआधी चार दिवस कडक पथ्य पाळून तेवढीच साखर उतरवली असती, तर दहाचे पावणेदहा झाले असते. म्हणजे चार दिवसांनी फसवता येत नाही हे खरे. पण पंधरा दिवस पथ्य पाळले असते तर आकडा नऊच्या जवळ आला असता. लग्नसराईत पंधरा दिवस सुटलेले पथ्यही याच प्रमाणात उलट दिसते.

हा सगळा हिशेब पेशी १२० दिवस जगते यावर उभा आहे. ते आयुष्य बदलले की आकडा साखरेविषयी खोटे बोलू लागतो. लक्षात ठेवायचे ते असे की हिमोग्लोबिन कमी म्हणून एचबीए१सी कमी, असे होत नाही, कारण ही टक्केवारी आहे. फरक पडतो तो पेशींच्या सरासरी वयाने. लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयात नव्या पेशी कमी येतात, रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते, आणि साखर न वाढताही आकडा वर जाऊ शकतो. अशा स्त्रीचे एचबीए१सी ६.६ आले, तर साडेसहाच्या निकषावर ती मधुमेही ठरते. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या की तरुण पेशी भराभर येतात आणि साखरेला हात न लावता आकडा खाली येतो.

रक्तस्राव झाला, रक्त चढवले किंवा पेशी लवकर फुटत असल्या, तर बहुधा उलटे होते आणि आकडा खरा असावा त्याहून कमी दिसतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेलच्या आजारात तर पेशी काही आठवडेच टिकतात, आणि ज्या नेहमीच्या हिमोग्लोबिनवर ही तपासणी आधारलेली आहे, तेही जवळजवळ नसते. तिथे या आकड्याला अर्थ नाही. अशा वेळी रक्तातल्या प्रथिनांवर चिकटलेली साखर मोजणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी करता येते. ती दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते.

शिवाय सरासरी म्हणजे चढउतार नव्हेत. दिवसभर १५० च्या आसपास राहणारा आणि ६० ते २४० मध्ये हेलकावे खाणारा, दोघांचे एचबीए१सी सारखे येऊ शकते. दुसऱ्याचा धोका या आकड्यात दिसत नाही.

म्हणून एचबीए१सीचा कागद एकटा वाचू नये. त्याच्या बाजूला हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आणि घरच्या मीटरची वही ठेवावी. रक्त चढवले असेल, लोहाच्या गोळ्या चालू असतील किंवा घरात सिकलसेल वा थॅलेसेमिया असेल, तर डॉक्टरांना विचारायची वाट न पाहता आपणहून सांगावे. मीटरचे आकडे एक सांगत असतील आणि एचबीए१सी भलतेच, तर औषध बदलण्याआधी तांबड्या पेशींची चौकशी करायला सांगावी.