दोन समुद्रांमधली रेषा

महाबळेश्वरच्या पठारावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. पूर्वेकडे वळलेलं पाणी कृष्णेतून सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळतं. पश्चिमेच्या कड्यावरून सावित्रीच्या खोऱ्यात उतरलेलं पाणी बाणकोटच्या खाडीतून थोडक्यात अरबी समुद्र गाठतं. या दोन वाटण्यांच्या मधे पाणलोटाची सीमा असते. पूर्वी टोपोशीटवरच्या समोच्च रेषा वाचत, पेन्सिलीने ती आखली जाई. आता संगणक ती काही क्षणांत काढून देतो. मात्र ही रेषा जितकी ठसठशीत दिसते, तितकी ती सगळीकडे भरवशाची नसते. कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही, हे ती कशी तयार होते यावरून कळतं.

संगणकाला डोंगर दिसत नाही; त्याच्याकडे असते उंचीच्या आकड्यांची चौकट. जमिनीवर साधारण ३० मीटर बाजूचे चौकोन कल्पायचे आणि प्रत्येक चौकोनाला समुद्रसपाटीपासूनची एक उंची द्यायची. हाच डिजिटल एलिव्हेशन मॉडेल, म्हणजे डेम. सगळ्यांना परिचित असलेला डेम फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाच्या मोहिमेतून मिळाला. यानातून ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढला होता. एक अँटेना यानात आणि दुसरी दांड्याच्या टोकाला. रडारची एकच लहर जमिनीवरून परतताना या दोन अँटेनांपर्यंत किंचित वेगळं अंतर कापून पोहोचते आणि त्या फरकावरून उंचीचं गणित मांडता येतं. अकरा दिवसांत पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन मोजून झाली. भारताच्या कार्टोसॅट-१ ने २००५ पासून वेगळा मार्ग धरला. त्यावर दोन कॅमेरे होते, एक पुढे २६ अंश झुकलेला आणि दुसरा मागे ५ अंश. आपले दोन डोळे खोली जोखतात, तशी दोन कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून उंची काढली गेली. त्यातून कार्टोडेम तयार झाला.

दोन्ही पद्धतींची एक मर्यादा सारखीच आहे. वरून पाहणाऱ्याला पहिल्यांदा झाडाचा शेंडा आणि घराचं छप्पर दिसतं, जमीन नाही. दाट जंगलात डेमची उंची खऱ्या जमिनीपेक्षा काही मीटर जास्त भरते. उभ्या कड्यांच्या आडोशाला रडार पोहोचत नाही, तिथे माहितीत भोकं पडतात आणि ती मागाहून बुजवावी लागतात.

या आकड्यांतून उतार कसा निघतो, ते एका चौकोनावर करून पाहू. मधल्या चौकोनाची उंची ६१० मीटर आहे. पश्चिमेच्या शेजाऱ्याची ६१४, पूर्वेच्या ६०६, उत्तरेच्या ६१३ आणि दक्षिणेच्या ६०७. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना ६० मीटरांत जमीन ८ मीटर उतरते, उत्तरेकडून दक्षिणेकडे तेवढ्याच अंतरात ६ मीटर. पायथागोरसच्या नियमाने ८ आणि ६ यांचे १० होतात. म्हणजे ६० मीटरांत १० मीटर, जवळपास १७ टक्के किंवा साडेनऊ अंशांचा उतार. उताराचा रोखही यातच सापडतो. उतरण दक्षिणेपेक्षा पूर्वेला जास्त आहे, म्हणून उतार आग्नेयेकडे, पण पूर्वेला किंचित झुकलेला आहे. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजला तर तो सुमारे १२७ अंश भरतो. प्रत्यक्षात बहुतेक सॉफ्टवेअर चारऐवजी आठही शेजारी विचारात घेतात आणि जवळच्या चौघांना दुप्पट वजन देतात, म्हणजे एखाद्या चुकलेल्या आकड्याने उतार बिघडत नाही.

इथे नवशिक्यांना हमखास नडणारी एक गोष्ट आहे. डेम बहुधा अक्षांश-रेखांशांत येतो. आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये ठेवून गणित केलं, तर बहुतेक सगळा नकाशा जवळजवळ ९० अंशांच्या कड्यांनी भरून जातो. असा नकाशा दिसला की चूक कुठे आहे ते ओळखावं आणि आधी तो डेम मीटरच्या प्रक्षेपात आणावा. महाबळेश्वरसाठी तो यूटीएमचा ४३ वा पट्टा.

आता पाणी. आपल्या चौकोनाचा आग्नेयेचा शेजारी ६०३ मीटरवर आहे. पूर्वेला ३० मीटरांत ४ मीटर उतरण, तर आग्नेयेला तिरक्या ४२ मीटरांत ७ मीटर. आग्नेयेची उतरण जास्त, म्हणून पाणी तिकडे जातं असं संगणक धरतो. प्रत्येक चौकोनाचं पाणी असं एकाच शेजाऱ्याकडे पाठवलं, की कुठल्या चौकोनात वरच्या किती चौकोनांचं पाणी येतं ते मोजता येतं. जिथे हजारो चौकोन एकत्र येतात, तिथे नकाशावर ओढा उमटतो. त्या ओढ्यावर, समजा प्रस्तावित बंधाऱ्याच्या जागी, बोट ठेवायचं आणि तिथे पाणी पाठवणारे सगळे चौकोन रंगवायचे. रंगाची कड म्हणजे पाणलोटाची सीमा. ५०० हेक्टरांच्या लहान पाणलोटात असे साडेपाच हजार चौकोन येतात. बोट ओढ्यापासून एक चौकोन बाजूला पडलं, तर मात्र पाणलोट चार-दोन चौकोनांचा निघतो.

त्याआधी एक अडथळा दूर करावा लागतो. डेममध्ये काही चौकोन आठही शेजाऱ्यांपेक्षा खोल असतात आणि पाणी तिथेच अडकतं. यातले बरेच खड्डे खोटे असतात. ओढ्यावरून रस्त्याचा भराव जातो, पाणी त्याखालच्या मोरीतून वाहतं, पण वरून मोरी दिसत नाही. डेमला तिथे धरण दिसतं. असे खड्डे पाणी ओसंडेपर्यंत भरून घ्यायची पद्धत आहे, पण त्यामुळे भरावामागे खोटं सपाट मैदान तयार होतं. नकाशावर ओढे एकमेकांना समांतर, पट्टीने आखल्यासारखे सरळ दिसले, तर असं भरणं झालं आहे हे ओळखावं. अशा ठिकाणी मोरीच्या जागी डेममधला भराव कापून वाट मोकळी करणं अधिक योग्य.

एवढं समजलं की रेषेचा भरवसाही जोखता येतो. डेमच्या उंचीत काही मीटरांची चूक असतेच. सह्याद्रीच्या कड्यावर शेजारच्या चौकोनांत वीस-तीस मीटरांचा फरक असतो, त्यामुळे त्या चुकीने पाण्याची दिशा बदलत नाही. माथ्यावरच्या सपाट सड्यावर मात्र शेजाऱ्यांत फरक एखाद्या मीटरचा. तिथे चूक फरकापेक्षा मोठी ठरते आणि झाडांच्या एका पट्ट्यानेही पाणी उलट्या बाजूला वळलेलं दिसू शकतं. एका चौकोनाची दिशा चुकली, तर त्याच्या वरचे सगळे चौकोन त्याच्यासोबत दुसऱ्या खोऱ्यात जातात. म्हणजे ज्या सपाट माथ्यावर दोन नद्या वेगळ्या होतात, नेमकी तिथेच संगणकाची रेषा सर्वांत कच्ची असते.

‘माथा ते पायथा’ या क्रमाने पाणलोटाची कामं आखताना याचा थेट परिणाम होतो. सलग समतल चर कुठे खोदायचे हे उतार सांगतो, कुठली बाजू ऊन खाऊन लवकर सुकेल हे रोख सांगतो आणि बंधाऱ्यात किती पाणी येईल हे सीमेच्या आतलं क्षेत्र ठरवतं. सीमा चुकली तर बंधाऱ्याच्या सांडव्याचं मापही चुकतं. यावर एक साधा उपाय आहे. एकाच पाणलोटाची सीमा दोन डेमवरून, एकदा रडारच्या आणि एकदा कार्टोसॅटच्या, काढायची आणि एकावर एक ठेवायची. रेषा फाकतात, तेवढ्या तुकड्यांची यादी करून पाणनळी घेऊन तिथे जायचं. जिथे त्या जुळतात, तिथेही माथा सपाट आणि झाडीचा असेल तर तो तुकडा यादीत घ्यावा, कारण झाडांचे शेंडे दोन्ही डेमना सारखेच फसवतात.