कोडिंग टेस्ट दिल्यानंतरचा मेल

आयटी कंपनीत अर्ज केला की मुलाखतीआधी बहुतेक ठिकाणी ऑनलाइन कोडिंग टेस्ट असते. हॅकररँक किंवा कोडिलिटीसारख्या प्लॅटफॉर्मवर तास-दीड तासात दोन-तीन प्रोग्राम लिहायचे. गुण यंत्रच मोजतं आणि बहुधा लगेच मोजतं. तरी कंपनीकडून आठवडाभर काहीच कळत नाही आणि आपण नापास झालो, असं मुलं धरून चालतात.

उशीर होतो तो गुणांनंतरच्या कामाला. सगळ्या उमेदवारांची मुदत संपावी लागते, कटऑफ ठरतो, कोड कुणाशी जुळतो का ते पाहिलं जातं. मग ज्या टीमला माणूस हवा आहे तिथला मॅनेजर अहवाल वाचतो. रिक्रूटर यातलं फारसं काही एकट्याने ठरवत नाही, पण अर्ज कुठवर आलाय आणि पुढची फेरी कोणती, हे सहसा त्याला ठाऊक असतं. म्हणून मेलमध्ये विचारायचं ते एवढंच.

समजा, एका मुलीने बॅकएंड डेव्हलपरच्या जागेसाठी रविवारी टेस्ट दिली. निकाल कधी लागेल, हे निमंत्रणात नव्हतं. तिने कामाचे पाच दिवस जाऊ दिले आणि पुढच्या सोमवारी मेल पाठवला. पाठवला इंग्रजीतच, पण मजकूर असा: “नमस्कार. बॅकएंड डेव्हलपर पदाची कोडिंग टेस्ट मी गेल्या रविवारी, १२ तारखेला पूर्ण केली. पुढची फेरी कोणती असेल आणि साधारण कधीपर्यंत कळेल, हे सांगू शकाल का? माझ्याकडून आणखी काही हवं असल्यास कळवावं.” खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर. पद आणि तारीख दिल्यामुळे एकाच वेळी अनेक जागा भरणाऱ्या रिक्रूटरला शोधाशोध करावी लागत नाही.

हा मेल कुठे पाठवायचा, यात मात्र पुष्कळ जण चुकतात. टेस्टची लिंक प्लॅटफॉर्मच्या स्वयंचलित पत्त्यावरून आलेली असते. तिथे दिलेलं उत्तर बहुधा कुणी वाचत नाही. रिक्रूटरने आधी ज्या मेलवर संपर्क साधला होता, त्यालाच उत्तर द्यावं, म्हणजे जुना संदर्भ त्याच्या डोळ्यांसमोर राहतो.

गुण किती पडले, हे विचारू नये. बऱ्याच कंपन्या ते सांगत नाहीत. अर्धवट राहिलेल्या प्रश्नाचं लांबलचक स्पष्टीकरणही नको. टेस्ट मध्येच बंद पडली असेल, तर मात्र आठवडाभर थांबू नका. त्याच दिवशी वेळ आणि स्क्रीनशॉटसह कळवा, नाहीतर अर्धवट गुणच नोंदले जातील.

दुसरीकडून ऑफर आली असेल आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं असेल, तर ती तारीख स्पष्ट लिहावी. खऱ्या तारखेमुळे मॅनेजरकडे पाठपुरावा करायला रिक्रूटरला कारण मिळतं. खोटी तारीख देऊ नका, कारण ऑफर लेटर दाखवा असं म्हटलं जाऊ शकतं.

उत्तर नाही आलं, तर आठवड्याने त्याच मेलखाली दोन ओळींची एक आठवण पुरे. कॅम्पस भरती असेल, तर आधी कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला विचारावं. तिथे कंपनीशी बोलणं त्यांच्यामार्फतच चालतं.