एक पाय आखूड? बुटात किती उंची टाकायची, ते आधी नीट मोजा

सुरत : लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खान्देशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. त्यातले बरेच जण लूमवर दिवसभर उभे राहून काम करतात. अपघातात मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला, हाड जुळलं. पण पाय थोडा आखूड राहिला, अशी माणसं त्यांच्यातही असतात. मग कोणीतरी सांगतं, 'बुटात काहीतरी टाक.' पण किती टाकायचं?

आधी हे लक्षात घ्या, की दोन्ही पाय तंतोतंत सारखे फार थोड्यांचे असतात. 1 सेंटीमीटरपर्यंतचा फरक सर्रास आढळतो. त्रास नसेल तर त्याला हात लावू नये. 1 ते 2 सेंटीमीटरमध्ये कंबर किंवा गुडघा दुखत असेल तर उंची देऊन बघता येते. 2 च्या पुढे सहसा उपयोग होतो. 5 च्या पुढे बूट जड होतो, पाय मुरगळण्याची भीती वाढते. तिथे ऑपरेशनबद्दल हाडांच्या डॉक्टरांशी बोलावं.

मोजायचं कसं?

झोपवून टेपनं मोजलं तर सहज 1 सेंटीमीटरची चूक होते. त्यापेक्षा उभं राहून मोजा. अनवाणी, पावलं समांतर, दोन्ही गुडघे सरळ. घरातल्या कोणीतरी मागे बसून दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर आडवे ठेवायचे. आखूड पायाखाली 5 मिलिमीटरची प्लायची पट्टी सरकवा, मग दुसरी. दोन्ही हात एका रेषेत आले की थांबा आणि पट्ट्यांची जाडी मोजा. असं तीनदा करा. दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर त्यावर बूट बनवू नका.

खुबा किंवा गुडघा आखडला असेल, पाठीचा कणा वाकडा असेल, तर हाडं सारखी असूनही पाय आखूड वाटतो. तिथे उंची दिली की दुखणं वाढू शकतं. खुब्याचा सांधा बदलल्यावर पहिले काही महिनेही असंच वाटू शकतं. लहान मुलांचा फरक वाढत्या वयात बदलतो. अशा वेळी न्यू सिव्हिलच्या किंवा आपल्या गावाजवळच्या ऑर्थोपेडिक विभागात दाखवूनच पुढे जावं.

उंची कशी वाढवायची?

समजा, एका कारागिराचा फरक 25 मिलिमीटर आला. पूर्ण 25 भरायचे नाहीत. शरीराला जुन्या उंचीची सवय झालेली असते. 20 पर्यंत जायचं, तेही हळूहळू.

पहिले दोन आठवडे टाचेखाली 5 मिलिमीटरची पट्टी. पुढचे दोन आठवडे 8 ची. बुटाच्या आत साधारण इतकंच मावतं. 1 सेंटीमीटरच्या वर गेलं की टाच बुटातून निसटते. म्हणून पाचव्या आठवड्यात मोचीकडून बाहेरच्या सोलला थर लावून घ्या : टाचेखाली 12, पंजाखाली 8, बोटांकडे निमुळता. आतली पट्टी तेव्हा काढून टाका. दोन आठवड्यांनी 5 ची पट्टी परत घाला, म्हणजे टाचेला 17 झाले. आणखी दोन आठवड्यांनी 8 ची, म्हणजे 20.

सगळी उंची फक्त टाचेला देऊ नका. पाऊल सतत खाली झुकून राहतं आणि टाचेमागची शीर आखडते. मऊ स्पंजही नको, तो वजनानं दबून निम्मा होतो. घट्ट रबर किंवा ईव्हीए शीट घ्या. दुसऱ्या बुटाची टाच झिजली असेल तर ती आधी दुरुस्त करा, नाहीतर सगळा हिशोब चुकतो.

पोलिओमुळे पाय आखूड असेल आणि पाऊल उचलताना जमिनीला घासत असेल, तर जवळपास 1 सेंटीमीटर कमीच ठेवावं. तेवढी जागा पाऊल पुढे न्यायला लागते.

चुकलं हे कसं कळेल?

पहिले काही दिवस पोटऱ्या, कंबर थोडी अवघडते. ते आपोआप जातं. पण आठवड्यानंतरही कंबर दुखत असेल, लांब पायाचा गुडघा नव्यानं दुखायला लागला असेल किंवा घोटा मुरगळत असेल, तर एक पायरी मागे या. तिथेही बरं वाटत नसेल तर पट्टी काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि एक गोष्ट. आपल्याकडे घरात अनवाणी, कामावर चप्पल. बूट फक्त लग्नाला घातला तर त्यातल्या पट्टीचा काय उपयोग? सगळ्यात जास्त वेळ जे पायात असतं, त्याला उंची द्या. ती चप्पल असेल तर मागे पट्टा असलेली सँडल घ्या. बिनपट्ट्याची उंच चप्पल पायातून सुटते, आणि चालत्या लूमजवळ ते परवडणारं नाही.