तंगीला तारीख असते

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी लिहून पाठवलेला प्रश्न असा होता की, बेकारीविषयी, पैशाच्या ओढाताणीविषयी लिहायचं झालं तर ते रडगाणं न होता कसं लिहावं. काहींनी स्वतःच्या घराबद्दल लिहायला घेतलं होतं, दोघांनी शेजाऱ्याबद्दल. आज आपण एवढाच विषय घेऊ.

आपल्याकडे या विषयावरचं लेखन सुरू होतं ते बहुधा एका ठरलेल्या वाक्याने: 'घरी अठरा विश्वे दारिद्र्य होते.' या वाक्प्रचाराची एक फोड अशी सांगतात की, विश्वे म्हणजे वीस, अठरा विसा तीनशे साठ, म्हणजे वर्षाचे सगळे दिवस दारिद्र्य. फोड खरी असो वा नसो, चूक नेमकी तिथेच आहे. ज्याने तंगी काढलीय त्याला विचारा, सगळे दिवस सारखे कधीच नसतात. महिन्याची दोन तारीख वेगळी आणि सव्वीस तारीख वेगळी. तंगीला तारीख असते. ती तारीख लेखनातून गेली की माणूसही जातो आणि मागे उरतो 'गरीब' नावाचा एक नमुना.

ही गोष्ट ज्यांनी पद्धतशीरपणे पाहिली त्यांचं उदाहरण घेऊ. ऑस्ट्रियात व्हिएन्नापासून थोड्या अंतरावर मारिएनथाल नावाची गिरणीची वस्ती होती. सगळं गाव त्या एका गिरणीवर. 1929-30 मध्ये ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तरुण अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन काम केलं, आणि 1933 मध्ये त्यावर लहानसं पुस्तक आलं. आकारानं लहान, पण बेकारीवर लिहिणाऱ्याने एकदा तरी वाचावं असं.

त्यांनी काय टिपलं, बघा. बेकारभत्ता दर चौदा दिवसांनी मिळायचा. शाळेतली मुलं मधल्या सुट्टीला घरून काय आणतात, हे त्यांनी भत्ता मिळण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं. आदल्या दिवशी कोरडा पाव, नाहीतर काहीच नाही. भत्त्यानंतर पावाला काहीतरी लावलेलं. 'मुलं उपाशी होती' असं त्यांनी लिहिलं असतं तर ते अर्धवट खरं ठरलं असतं. कोणत्या दिवशी उपाशी, हे कळलं की त्यामागे हिशेब करणारी आई दिसते. चौदा दिवसांचे पैसे बारा दिवस कसे पुरवले, हेही दिसतं.

दुसरं म्हणजे चालण्याचा वेग. रस्त्यावरून जाणारी माणसं किती भराभर चालतात, मध्ये किती वेळा थांबतात, हे त्यांनी खिडकीतून घड्याळ लावून मोजलं. पुरुष हळू चालत, पुन्हापुन्हा थांबत. बायका त्या मानाने भराभर जात, थांबत कमी. कारण उघड आहे. बायकांचा पगार गेला होता, काम गेलं नव्हतं. स्वयंपाक, धुणं, मुलं, ठिगळं, सगळं होतंच. 'बेकार' हा शब्द आपण घरातल्या कुणाकुणाला लावतो, याचा विचार या एका निरीक्षणावरून करावा लागतो. वाचनालयाचंही तसंच. वर्गणी माफ केल्यावरही पुस्तकं कमी नेली जाऊ लागली. वेळ भरपूर, पुस्तक फुकट, तरी वाचन घटलं. 'रिकामा वेळ' आणि 'फुरसत' यांतला फरक आम्ही वर्गात तासभर समजावत असू. इथे तो एका नोंदीत मिळतो.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. या अभ्यासकांनी 'अविचारी' वाटणारे खर्चही लिहून ठेवले. भाजीसाठी जागा अपुरी असताना काहींनी वाफ्यात फुलं लावली होती. फेरीवाल्याकडून एका घराने व्हेनिसचं रंगीत चित्र घेतलं होतं. परक्याला हे पाहून राग येतो, की खायला नाही आणि चित्रं कसली घेता. पण ते खर्च गाळले असते तर उरलेलं वर्णन खोटं ठरलं असतं. फक्त पोट असलेली माणसं, असं काहीतरी तयार झालं असतं.

अॅडम स्मिथने 1776 च्या आपल्या ग्रंथात गरजेची व्याख्या करताना लिननच्या सदऱ्याचं उदाहरण दिलं आहे. ग्रीक-रोमन लिननशिवाय सुखाने जगले, पण त्याच्या काळच्या युरोपात सदरा नसलेल्या मजुराला चारचौघांत जायला लाज वाटली असती. म्हणून सदरा ही गरजच. म्हणजे गरज काय ते पोट एकटं ठरवत नाही, चारचौघंही ठरवतात. आपल्याकडे सदऱ्याच्या जागी काय येतं? आहेर येतो. मुलाच्या वर्गातल्या वाढदिवसाची चॉकलेटं येतात. ते लिहायला कचरू नये.

आता हे मराठीत, आजच्या घरात लावून पाहू. उदाहरण आम्ही रचलेलं आहे, माणूस खरा नाही. समजा, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा एक्केचाळीस वर्षांचा माणूस. पत्नी घरी शिवणकाम करते, मुलगी सातवीत. पहिला मसुदा साधारण असा येतो: 'अचानक त्यांची नोकरी गेली. घरावर आकाश कोसळले. काटकसरीने दिवस ढकलू लागले.'

पहिलंच वाक्य पाहा. 'नोकरी गेली.' आपली भाषा इथे मोठी सोयीची आहे. नोकरी जणू स्वतःच चपला घालून निघून गेली. कुणी काढलं, कसं सांगितलं, हे वाक्यातून गायब. आता लिहून पाहा: 'शनिवारी दुपारी ठेकेदाराच्या सुपरवायझरने फोन करून सांगितलं की सोमवारपासून गेटपास चालणार नाही.' यात आकाश कोसळत नाही, पण नेमकं काय झालं ते कळतं, आणि कुणी केलं तेही. आरोप करायची गरज नाही. क्रियापदाला कर्ता दिला की पुरे.

'काटकसर' हाही असाच झाकणारा शब्द. काटकसर म्हणजे कोणती, कोणत्या क्रमाने? पहिल्या महिन्यात वर्तमानपत्र बंद झालं आणि दूध एका लिटरचं अर्धा लिटर झालं. बाहेरून काहीच दिसलं नाही. तो रोज आठ वाजता डबा घेऊन निघत होता, कारण घरमालक खालीच राहतो. दुसऱ्या महिन्यात तेलाचा पाच लिटरचा डबा बंद होऊन अर्ध्या लिटरची पिशवी आली. आता पिशवीचं तेल लिटरमागे महागच पडतं. हे त्या बाईला आपल्याहून जास्त कळतं. पण डब्याची रक्कम एकदम हातात नाही. ती मूर्खपणाने महाग तेल घेत नाही, रोकड सांभाळते. मोबाइलचा अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज मात्र चुकलेला नाही, कारण नोकरीचा फोन त्याच नंबरवर यायचा आहे.

आणि तारीख. गाडीचा हप्ता पाच तारखेला खात्यातून जातो. शिवणाचे पैसे येतात दहाच्या पुढे. मधले पाच-सहा दिवस हीच या घराची खरी गोष्ट आहे. चार तारखेला तो मेहुण्याकडून तीन हजार हातउसने घेतो, हप्ता वटतो, दंड वाचतो, आणि बारा तारखेला परत करतो. असं त्याने तीनदा केलं. चौथ्या वेळी मेहुण्याकडे न जाता पत्नीची चेन गहाण ठेवली. का? तिन्ही वेळा पैसे वेळेवर परत केलेत, तोवरच थांबावं असं त्याला वाटलं. हे वाक्य लिहिलंत की स्वाभिमान हा शब्द लिहावा लागत नाही.

इथे शब्द जपून वापरावे लागतात. 'हातउसने' आणि 'कर्ज' एक नव्हे. हातउसने आपल्या माणसाकडून, बिनव्याजी, थोड्या दिवसांसाठी. वाण्याकडे असते ती उधारी, वहीत लिहिलेली. मालकाकडून घेतात ती उचल. बँकेचं ते कर्ज. प्रत्येकात मान खाली घालण्याची तऱ्हा वेगळी. वाण्याची उधारी वाढली की माणूस रस्ता बदलतो, मालकाची उचल राहिली की नोकरी सोडता येत नाही, आणि हातउसने थकले की घरातलं कुणीतरी लग्नाला जायचं टाळतं. सगळ्याला 'कर्जबाजारी झाला' म्हटलं की हे सगळं बुजून जातं. माणूस स्वतः कोणता शब्द वापरतो तो ऐकावा आणि तोच ठेवावा.

याच घरातून चौथ्या महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नात पाचशे एक रुपयांचा आहेर गेला. लेखक म्हणून हात इथे अडखळतो, वाटतं वाचक नावं ठेवतील. ठेवू द्या.

तपशील म्हटलं की काही जण फाटकी साडी, गळकं छप्पर, डोळ्यांतलं पाणी गोळा करायला लागतात. हे तपशील नव्हेत, ती सजावट झाली. ओळखायचं कसं? वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही गरीब घराच्या वर्णनात ठेवून पाहा. तिथेही चपखल बसलं तर ते या घराचं नाही. आणि वाक्यात माणूस काही करतो आहे का ते पाहा. मराठीत 'त्याला चणचण भासली', 'त्याला अडचण आली' अशी वाक्यं सहज होतात. माणूस चतुर्थीत जाऊन बसतो आणि सगळं त्याला होत राहतं. पानभर अशीच वाक्यं असतील तर काहीतरी राहून गेलंय असं समजावं. मेहुण्याचं वाक्य आठवा. तिथे तो ठरवतो आहे.

खऱ्या माणसाबद्दल लिहिताना आणखी एक गोष्ट येते. नेमकेपणाने माणूस ओळखू येतो. गल्ली, कारखाना, मुलीची शाळा बदलता येते. रकमा, तारखा आणि क्रम बदलू नयेत, कारण गोष्ट त्यांच्यातच आहे. मसुदा त्या माणसाला वाचून दाखवावा. आमचा अनुभव असा की माणसं रकमांना क्वचितच हरकत घेतात. हरकत येते ती कुणापुढे काय झालं यावर. मुलीला चेनचं माहीत नसेल तर ते वाक्य काढावं लागेल, कितीही चांगलं असलं तरी.

मारिएनथालच्या मंडळींनी स्वतःवर एक बंधन घातलं होतं: गावात कुणीही नुसतं बघ्या म्हणून राहायचं नाही, प्रत्येकाने गावाला उपयोगी पडेल असं काहीतरी करायचं. त्यांनी कपडे गोळा करून वाटले, शिवणाचे नमुने काढायचे वर्ग घेतले, डॉक्टरची तपासणी ठेवली. कपडे द्यायचे म्हणून आधी घरोघरी जाऊन कुणाला काय हवं ते विचारलं. घरातली बरीचशी माहिती त्यांना त्या विचारपुशीतच मिळाली.