‘घाईत चुकलं’ म्हणण्याआधी: जुन्या पेपरांतल्या चुकांची तीन खात्यांत वाटणी

दहावीचं मूल बीजगणिताचा जुना पेपर सोडवतं, ४० पैकी ३० मार्क पडतात. गेलेल्या १० मार्कांबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘अम्मी, येत होतं, घाईत चुकलं.’ हे खरं आहे का, ते तपासायची सोपी पद्धत आहे. दोन दिवसांनी तीच चुकलेली गणितं, उत्तर झाकून, कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायला द्या.

सुरुवातच जमली नाही किंवा पुन्हा चुकीची रीत वापरली, तर ती संकल्पनेची चूक. उदाहरणार्थ ५, ११, १७… या अंकगणिती श्रेढीचं १९वं पद काढायचं आहे. मूल ५ + १९ × ६ = ११९ लिहितं. बरोबर उत्तर ५ + १८ × ६ = ११३ आहे, कारण पहिल्या पदापासून १९व्या पदापर्यंत फरक १८ वेळाच मिळवावा लागतो. हे ‘एक कमी का’ कळलेलं नसेल, तर सूत्र पाठ करून उपयोग नाही.

रीत बरोबर, पण आकडेमोडीत घसरलं, तर ती आकडेमोडीची चूक. 2x² − 5x − 3 = 0 मध्ये b² − 4ac म्हणजे २५ + २४ = ४९. मूल २५ − २४ = १ लिहितं, कारण c ऋण आहे हे मध्येच सुटतं.

दुसऱ्यांदा काहीही न सांगता बरोबर आलं, तरच ती निष्काळजीपणाची चूक. y विचारला होता आणि x लिहिला, १६ चे उतरवताना १९ झाले, अशा चुका इथे येतात. मात्र तीच ‘घाई’ तीन पेपरांत दिसली, तर ती घाई नव्हे. तिला दुसऱ्या खात्यात हलवा.

समजा तीन पेपरांत ३० मार्क गेले. मुलीने स्वतः वाटणी केली तेव्हा १९ मार्क घाईच्या खात्यात होते. पुन्हा सोडवल्यावर चित्र बदललं: संकल्पना १४, आकडेमोड ९, घाई ७. संकल्पनेच्या १४ पैकी ८ मार्क एकट्या श्रेढीचे निघाले.

आता उरलेल्या पंधरा दिवसांची आखणी सोपी होते. पहिले सहा दिवस नवा पेपर नको. श्रेढी आणि त्यानंतरचा कच्चा धडा पाठ्यपुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांपासून पुन्हा करायचा. आकडेमोडीसाठी रोज १५ मिनिटं, फक्त चिन्हांची आणि अपूर्णांकांची दहा गणितं. घाईच्या चुकांना वेगळा अभ्यास लागत नाही. दोन तासांच्या पेपरात शेवटची दहा मिनिटं राखून ‘काय विचारलंय’ ते प्रश्नाशी पडताळायचं.

सातव्या दिवशी एक नवा पेपर घ्या, पुन्हा वाटणी करा. श्रेढीचे मार्क अजूनही जात असतील, तर तिथेच थांबा आणि शिक्षकांना नेमकी ती पायरी दाखवा.