सही अडली कुठे?

पुण्यातली एक इंटिरिअर डिझायनर. ग्राहकाला पाठवलेला करार आठवडाभर सहीविना पडून आहे. ‘सही कधी करताय?’ एवढंच विचारणं अपुरं, कारण अनेकदा अडचण साधी असते: लिंकची मुदत संपलेली, मेल स्पॅममध्ये गेलेला, किंवा आधार ई-साइनचा ओटीपी जुन्या, बंद नंबरवर जातोय.

म्हणून तिने कराराची प्रत पुन्हा जोडून लिहिलं: ‘लिंक उघडते ना? एखादं कलम खटकतंय का? सही आपणच करणार की आपले भागीदार? हे दर शुक्रवारपर्यंतच राहतील. तोवर सही झाली, तर सोमवारी सुतारकाम सुरू होईल.’

यातला शुक्रवार मोलाचा. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्तावात दिलेली मुदत स्वीकाराविना संपली, की प्रस्तावही संपतो. मुदत दिलीच नसेल, तर तो ‘वाजवी काळा’नंतर संपतो, आणि वाजवी म्हणजे किती, यावरच भांडण होतं.