कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं?

अमराठी प्रौढांना मराठी शिकवणाऱ्या वर्गाची नवी बॅच सुरू होते तेव्हा समोर तीस माणसं असतात आणि तीस तऱ्हा असतात. एक बंगळूरहून गेल्या महिन्यात आलेला असतो. एकीची वीस वर्षं डोंबिवलीत गेलेली असतात, भाजीवाल्याशी ती फाडफाड बोलते, पण चार ओळी लिहायच्या म्हटल्या की अडते. कुणाचा नवरा मराठी, कुणाची आजी मराठी. वर्ग मात्र तीनच: प्राथमिक, मध्यम आणि वरचा. अशा वेळी पहिल्या दिवशी व्याकरणाची एक छोटी चाचणी घेतात. ती कशी बनवावी, हा वाटतो तितका किरकोळ प्रश्न नाही.

पहिली गोष्ट, ही परीक्षा नव्हे. परीक्षेत शिकवलेला सगळा भाग यावा लागतो, इथे तसं बंधन नसतं. वर्ग तीन असले तर आपल्याला सीमारेषा दोनच ओढायच्या आहेत, आणि प्रश्न त्या दोन रेषांच्या आसपासच हवेत. जो प्रश्न तिसांपैकी एकोणतीस जणांना येतो तो कितीही चांगला असला तरी वाटणी करत नाही. जो कुणालाच येत नाही, तोही नाही. पुष्कळ चाचण्या इथेच फसतात. क्रमिक पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर बोट ठेवून प्रत्येक धड्यावर एकेक प्रश्न काढला जातो, आणि मग सगळ्यांना साधारण सारखेच गुण पडतात.

दुसरी गोष्ट, ‘सामान्यरूप लिहा’, ‘प्रयोग ओळखा’ असले प्रश्न नकोत. शाळेत प्रयोग पाठ केलेला माणूस ते सोडवेल आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना गप्प बसेल. उलट जन्मभर अस्खलित मराठी बोलणाऱ्या किती जणांना भावे प्रयोग सांगता येतो? चाचणीत वाक्य द्यावं, गाळलेली जागा द्यावी, शब्द रोजचे वापरावेत. ‘पोळी’ हा शब्दच ठाऊक नसल्यामुळे कुणाचं उत्तर चुकलं तर आपण व्याकरण तपासलं असं म्हणता येत नाही.

चाचणीचा सांगाडा साधा ठेवता येतो. सहा-सहा प्रश्नांचे चार गट, एकूण 24 प्रश्न, वेळ अर्धा तास. पहिल्या गटात लिंग-वचनाचा मेळ: माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर. दुसऱ्यात सामान्यरूप: झाड पण झाडावर, रस्ता पण रस्त्यात, वाट पण वाटेत, भिंत पण भिंतीवर. तिसऱ्यात भूतकाळ, म्हणजे क्रियापद कुणाच्या मागे जातं ते. चौथ्यात जोडवाक्यं: ‘पाऊस थांबल्यावर’, ‘जो येईल त्याला’, ‘उशीर झाल्यामुळे’. हा क्रम साधारण चढत्या अवघडपणाचा आहे. तिसरा गट जमणाऱ्याला पहिले दोन जमायला हवेत. कुणाचा तिसरा सरस आणि पहिला कच्चा निघाला, तर एक तर माणूस वेगळा आहे किंवा आपले प्रश्न बिघडलेले आहेत.

चाचणीचा खरा जीव असतो चुकीच्या पर्यायांत. तिसऱ्या गटातला हा प्रश्न पाहा. अजय म्हणाला, ‘‘काल मी दोन पोळ्या ____.’’ पर्याय चार: खाल्लो, खाल्ली, खाल्ल्या, खाल्ला. ‘खाल्ल्या’ बरोबर. ‘खाल्लो’वर खूण करणारा क्रियापदाला कर्त्याच्या मागे नेतो आहे, कन्नड, तमिळ, तेलुगूत क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं, म्हणून तिथून आलेल्यांचा हात सहज इकडे वळतो. ‘खाल्ली’ निवडणाऱ्याला कर्माच्या मागे जायचं कळलंय, लिंगही कळलंय, फक्त वचन सुटलंय. ‘खाल्ला’ म्हणजे कुठेतरी ऐकलेलं एक रूप सगळीकडे चिकटवणं. तिघांनाही शून्यच गुण मिळतील, पण शिक्षकाला तीन वेगळ्या गोष्टी कळतील. वर्ग ठरवणं आणि नेमकं कुठे अडतंय ते शोधणं, ही दोन कामं एकाच कागदावर होतात ती अशी. त्यासाठी गुणांबरोबर कोणता पर्याय निवडला तेही टिपून ठेवावं लागतं, आणि नेमकं हेच काम कंटाळून टाळलं जातं.

हिंदी बोलणाऱ्याला मात्र हा प्रश्न सोपा जातो, कारण ‘मैंने दो रोटियाँ खाईं’ हीच रचना त्याच्या तोंडात असते. त्याची अडचण वेगळीच आहे. हिंदीत ‘मैं’लाही ‘ने’ लागतो; मराठीत ‘सीमाने’, ‘त्याने’ होतं पण ‘मी’ कोराच राहतो. म्हणून तो ‘मीने’ म्हणून बसतो. ही चूक पर्यायांच्या प्रश्नात दिसतच नाही, कारण ‘मी’ आपणच छापून दिलेला असतो. एखादा तरी प्रश्न स्वतः वाक्य लिहायचा ठेवावा तो यासाठी. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक विचारला तर गुजराती आणि तेलुगू माणूस सहज पुढे जातो, हिंदी माणूस मागे राहतो. हा प्रश्न पातळी नव्हे, मातृभाषा मोजतो. असे प्रश्न मी सरळ काढून टाकीन.

आता एक फसवा प्रश्न. अजय म्हणाला, ‘‘मी आज छत्री घरीच ____.’’ पर्याय: विसरलो, विसरली, विसरले, विसरला. बरोबर उत्तर ‘विसरलो’. मराठीत काही सकर्मक क्रियापदं भूतकाळातही कर्त्याच्याच मागे जातात: मी मराठी शिकलो, मी खोटं बोललो, मी चहा प्यायलो, पण मी चहा घेतला. हे वरच्या वर्गाचं ज्ञान, तेव्हा प्रश्न फर्मास वाटतो.

समजा, तो तीस जणांवर आधी पारखून पाहिला. बाकीच्या प्रश्नांच्या गुणांवरून त्यांचे दहा-दहाचे तीन गट केले. वरच्या दहांपैकी नऊ जणांचं उत्तर बरोबर आलं, खालच्या दहांपैकी सहांचं. प्रश्न कितपत वाटणी करतो हे मोजायची रूढ रीत म्हणजे वरच्या गटातले बरोबर वजा खालच्या गटातले बरोबर, भागिले गटातली माणसं. नऊ वजा सहा, भागिले दहा: 0.3. साधारण 0.3च्या पुढचा आकडा चालण्यासारखा मानतात, म्हणजे प्रश्न पास झाला. पण मधल्या दहांकडे पाहा. तिथे फक्त तिघांचं उत्तर बरोबर आहे!

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. अगदी नवखा माणूस सगळीकडे ‘-लो’ लावतो, आणि इथे नेमकं तेच बरोबर ठरतं. मधल्याने ‘क्रियापद कर्मामागे जातं’ हा नियम नुकताच शिकलाय. तो इमानेइतबारे छत्रीमागे जाऊन ‘विसरली’ लिहितो. वरच्याला अपवाद ठाऊक असतात, म्हणून तो पुन्हा ‘विसरलो’वर येतो. म्हणजे जास्त शिकलेल्याचे गुण कापून आपण कमी शिकलेल्याला देतो आहोत. वरचे-खालचे एवढंच मोजणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. उपाय म्हणजे प्रश्न जोडीने विचारायचा. ‘मी चहा घेतला’ आणि ‘मी छत्री विसरलो’, दोन्ही बरोबर आली तरच गुण.

पारखणीत अजूनही गोष्टी सापडतात. ‘टेबल’ला प्रत्यय लावायला सांगितलं तर ‘टेबलावर’ बरोबर आणि ‘टेबलवर’ चूक धरणार का? पुण्यात जन्मलेली माणसं दोन्ही म्हणतात. सामान्यरूप तपासायला उसने शब्द घेऊच नयेत. ‘घर’ आणि ‘जेवण’ जोडायला सांगितलं तर ‘घरचं’ही बरोबर असतं आणि ‘घराचं’ मात्र विचित्र वाटतं. ‘मी काम केलो’ ही नवशिक्याची चूक दिसते, पण सोलापूर-बेळगावकडे मराठी माणसंच असं बोलतात. तिकडे मराठी शिकलेल्याला प्राथमिक वर्गात ढकललं तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. प्रश्नपत्रिका आधी पाच-सहा मराठी माणसांना सोडवायला द्यावी. ज्या प्रश्नावर त्यांच्यातच वाद होईल तो वगळावा.

मग रेषा कुठे ओढायची? 24 गुणांचे आठ-आठचे तीन तुकडे करणं सोपं आहे, पण त्याला अर्थ नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून खुणा करणारालाही सरासरी सहा गुण पडतात, म्हणजे दुसरा वर्ग त्याच्यापासून दोनच पावलांवर! त्यापेक्षा शिक्षकाला विचारावं: मध्यम वर्गात पहिल्या दिवशी तुम्ही काय येतं असं गृहीत धरता? उत्तर बहुतेक ‘लिंग-वचन आणि सामान्यरूप’ असं येईल. मग पहिल्या दोन्ही गटांत सहापैकी पाच बरोबर, तो मध्यम वर्गात. तिसऱ्यातही पाच, तो वरच्या. चौथा गट वर्ग ठरवत नाही, वरच्या वर्गात सुरुवात कुठून करायची ते सांगतो. नुसत्या अंदाजाने एका गटात पाच किंवा सहा बरोबर येण्याची शक्यता साधारण दोनशेत एक असते, त्यामुळे नशिबाला फारसा वाव उरत नाही. प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ असा पाचवा पर्याय दिला की तो आणखी कमी होतो.

रेषेवर लटकणारे मात्र कायम राहणार. एका गटात चारच आले, पण बाकी सगळं चांगलं. अशा माणसाला कागदावर तोलत बसू नये. त्याच्याशी तीन-चार मिनिटं बोलावं. कालचा दिवस कसा गेला एवढंच विचारावं, कारण त्यात भूतकाळ आपसूक येतो. डोंबिवलीच्या त्या बाईंचा प्रश्नही असाच सुटतो. अमेरिकेतल्या मराठी शाळांत येणारी पुष्कळ मुलं घरी मराठी बोलतात, पण त्यांना देवनागरी वाचता येत नाही. त्यांना लेखी चाचणी दिली तर सगळी प्राथमिक वर्गात जातील आणि आठवड्याभरात कंटाळतील. त्यांच्यासाठी हेच प्रश्न वाचून दाखवावेत, उत्तर तोंडी घ्यावं, आणि लिपीचा वर्ग वेगळा ठेवावा.

चाचणी जमली की नाही, हे निकालाच्या दिवशी कळत नाही. दोन आठवड्यांनी शिक्षकाला प्रत्येकाबद्दल एकच विचारायचं: हा इथेच बरा आहे, वर हवा होता की खाली? तिसात दोघं-तिघं हलवावे लागले तर चाचणी ठीक आहे. सात-आठ हलवावे लागले तर त्यांचे कागद काढून ते कोणत्या प्रश्नांवर घसरले ते पाहावं. बहुतेक वेळा त्याच दोन-तीन प्रश्नांपाशी सगळे भेटतात. म्हणूनच वर्ग बदलायची मुभा पहिले दोन आठवडे उघडी ठेवावी, आणि ते आधीच जाहीर करावं.

आणि तुम्ही स्वतः कधी अशा चाचणीला बसलात, मराठीच्या किंवा जर्मनच्या, तर येत नाही तिथे अंदाज ठोकू नका. चुकून बरोबर आलेलं उत्तर तुम्हाला अशा वर्गात नेऊन बसवतं, जिथे पुढचे तीन महिने बाकीचे हसतात तेव्हा तुम्हाला हसावं लागतं.